गिरणीतला विणकर आणि परात्मता: पहिल्या वर्षाचा निबंध टप्प्याटप्प्याने

‘कारखान्यातील कामगाराची परात्मता स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरं एकाच साच्यातून निघतात. उत्पादनापासून, कामाच्या प्रक्रियेपासून, स्वतःपासून आणि इतर माणसांपासूनचा दुरावा अशी चार प्रकारांची नावं येतात, प्रत्येकाखाली दोन-तीन वाक्यं येतात आणि शेवटी यंत्रयुगात माणसाचंच यंत्र झालं असं म्हणून उत्तर संपतं. अशा उत्तरात माहिती चुकलेली नसते, तरी गुण कमी पडतात. हे चार प्रकार एकमेकांतून कसे निघतात, ते त्यात कुठेच दिसत नाही. मार्क्सने चार वेगळ्या तक्रारी मांडलेल्या नाहीत. एका वस्तुस्थितीचा पाठपुरावा करत तो चार मुक्कामांवर पोचतो. तुमच्या निबंधानेही तोच प्रवास करायला हवा.

खाली साधारण पंधराशे शब्दांचा निबंध धरला आहे. उदाहरण एकच घेतलं आहे: 1928 च्या सुमाराचा मुंबईच्या कापड गिरणीतला विणकर. तुमच्या अभ्यासक्रमात दुसरं उदाहरण असेल तर तेही चालेल, पण शेवटपर्यंत एकच ठेवा. पहिल्या मुद्द्याला मोटार कारखाना, दुसऱ्याला कॉल सेंटर आणि तिसऱ्याला चहामळा घेतला, तर मुद्दे एकमेकांना जोडणं जवळजवळ अशक्य होतं.

पहिला टप्पा: मजकूर नेमका कुठला, हे ठरवून घ्या

परात्मतेची ही मांडणी मार्क्सच्या 1844 च्या पॅरिसमधल्या हस्तलिखितांत आहे. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या हयातीत ही हस्तलिखितं छापली गेली नाहीत. ती पूर्ण स्वरूपात आली 1932 साली. म्हणून ‘मार्क्सने 1867 च्या भांडवल ग्रंथात परात्मतेचे चार प्रकार सांगितले’ हे वाक्य चूक आहे आणि तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

याला जोडून आणखी एक काळजी घ्या. कामगार आपले श्रम विकत नाही, श्रमशक्ती म्हणजे काम करण्याची क्षमता विकतो, हा नेमका फरक मार्क्सने पुढे कित्येक वर्षांनी केला. 1844 ची मांडणी सांगताना ‘श्रम’ हाच शब्द वापरा. ‘श्रमशक्ती’ आणि ‘वरकड मूल्य’ हे शब्द आणायचेच असतील तर ते नंतरच्या लेखनातले आहेत, हे एका वाक्यात सांगा. शोषण आणि परात्मता या एकच गोष्टी नाहीत. कामगाराने निर्माण केलेल्या मूल्यापैकी किती भाग दुसऱ्याकडे जातो, हा शोषणाचा प्रश्न. त्याचं स्वतःचं काम त्याच्यासाठी परकं कसं होतं, हा परात्मतेचा. मजुरी जबरदस्तीने वाढवून घेतली तरी तो गुलामाला दिलेला बरा मोबदला ठरेल, त्याने कामाला मानवी अर्थ मिळणार नाही, असं मार्क्स याच हस्तलिखितांत म्हणतो. हा मुद्दा निबंधात अवश्य घ्या. दोन संकल्पना तुम्हाला वेगळ्या कळल्या आहेत, हे त्यातून दिसतं.

दुसरा टप्पा: मूळ वस्तुस्थिती दोन-तीन वाक्यांत मांडा

चारही प्रकारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. माग, सूत, इमारत यांतलं काहीही विणकराच्या मालकीचं नाही. जगायचं तर त्याला आपले श्रम दुसऱ्याला द्यावे लागतात, आणि एकदा दिले की त्या वेळात ते श्रम त्याचे राहत नाहीत. निबंधाच्या दुसऱ्या परिच्छेदात एवढं स्वच्छ सांगा. पुढचं सगळं यातून निघणार आहे.

इथेच यंत्राला दोष देण्याचा मोह होतो. मार्क्सच्या दृष्टीने केवळ यंत्र हे मूळ कारण नाही. यंत्र कुणाच्या हाती आहे आणि काम कुणासाठी चाललं आहे, याला तो महत्त्व देतो. उलट्या बाजूने, हातमागाच्या काळाचं गोड चित्रही रंगवू नका. सावकाराकडून उधारीवर सूत घेऊन घरी विणणाऱ्या माणसाचं कापड सावकाराच्याच दारात जायचं. माग घरचा असला तरी कापडावर त्याचा हक्क किती उरत होता, हा प्रश्न तिथेही होताच.

तिसरा टप्पा: उत्पादनापासून सुरुवात करा

विणकराच्या मागावर ताका तयार होतो. तो उतरवला जातो, तपासणीला जातो, घडी घालून गाठोड्यात बांधला जातो आणि बाजारात जातो. कापड किती काढायचं, कसलं काढायचं, कुठे विकायचं, यांतलं काहीच विणकर ठरवत नाही. इतकं सगळेच लिहितात. मार्क्सचं म्हणणं याच्या एक पाऊल पुढे जातं. कामगार जितकं जास्त निर्माण करतो, तितकी त्याच्यासमोर उभी राहणारी परकी सत्ता मोठी होते. त्याने विणलेलं कापड विकून मालकाचं भांडवल वाढतं. त्या भांडवलातून नवे माग येतात, आणि त्या मागांवर किती माणसं ठेवायची हे मालक ठरवतो. विणकराचे कालचे श्रम आज त्याच्याच नोकरीवर निर्णय घेणारी ताकद बनून परत येतात. ‘उत्पादन त्याच्या मालकीचं नसतं’ एवढ्यावर थांबू नका, ते त्याच्या विरोधात कसं उभं राहतं हे दाखवा.

मुंबईच्या गिरण्यांतली एक प्रथा इथे फार उपयोगी पडते. विणताना कापड खराब झालं, धागा सुटला, डाग पडला, तर त्या कापडाची किंमत विणकराच्या पगारातून कापून घेत आणि ते खराब कापड त्याच्या गळ्यात मारत. स्वतः विणलेलं कापड त्याच्या हाती यायचं ते या वाटेने, शिक्षा म्हणून. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने दंड आणि कपातींवर मर्यादा घातल्या. रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त दंड करता येणार नाही, असं त्यात ठरलं.

चांगला विद्यार्थी या उदाहरणावर एक शंका स्वतःच काढेल: खराब कापड विणकराच्या मालकीचं झालं, म्हणजे तेवढ्यापुरती परात्मता संपली का? नाही संपली. ते कापड त्याला नको होतं, त्याने निवडलं नव्हतं, आणि त्याची किंमत त्याच्या पोटातून गेली होती. वस्तू कागदोपत्री कुणाची, यापेक्षा तिच्याशी माणसाचा संबंध कसला, हे मार्क्सला महत्त्वाचं वाटतं. ही शंका आणि तिचं उत्तर चार ओळींत बसतं, आणि त्या चार ओळी व्याख्येच्या अर्ध्या पानाहून जास्त वजनाच्या ठरतात.

चौथा टप्पा: उत्पादनाकडून प्रक्रियेकडे जाणारा दुवा लिहा

दुसरा प्रकार सुरू करण्याआधी एक जोडवाक्य हवं. मार्क्सचा तर्क असा: उत्पादन म्हणजे कृतीचं फळ. फळ परकं असेल तर ती कृती करतानाच काहीतरी परकं झालेलं असणार. हे वाक्य गाळलं की निबंधाची पुन्हा यादी होते.

आता प्रत्यक्ष काम डोळ्यांसमोर आणा. साध्या, स्वयंचलित नसलेल्या मागावर आडवा धागा धोट्यातल्या कांडीतून येतो. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी धोट्यात बसवायची, तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं आणि माग परत चालू करायचा. ते टोक बाहेर यावं म्हणून विणकर भोकाला तोंड लावून धागा ओढत असत. मधे उभा धागा तुटला तर तो शोधून गाठ मारायची. विणकराला मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, त्यामुळे माग थांबलेला प्रत्येक क्षण त्याच्याच खिशातून जातो. त्याच्यावर ओरडायला प्रत्येक वेळी मुकादम लागत नाही. मजुरीची पद्धतच त्याला पळवते.

विणखात्यातल्या हवेवर दोन वाक्यं जरूर लिहा. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून त्या खात्यात मुद्दाम ओलावा सोडत असत. मुंबईच्या उकाड्यात दहा तासांची पाळी त्या दमट हवेत काढायची. हवा धाग्याला मानवेल अशी ठेवलेली असते, माणसाने ती सोसायची. कामाची परिस्थिती कामगाराच्या गरजेपासून कशी तुटते, हे दाखवायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

1928 च्या आरंभी सासून गटाच्या गिरण्यांत एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी पद्धत आणली गेली आणि त्यावरून संप सुरू झाले. कामगार जास्त कमावेल, हे मालकांचं म्हणणं. माणसं कमी होतील आणि उरलेल्यांवर ताण येईल, हे कामगारांचं. आपल्या विषयाच्या दृष्टीने बघा: दोन मागांवर विणकर निदान कापडाकडे बघू शकत होता. तिसरा माग आला की त्याचं लक्ष कुठला माग थांबला याच्या मागे धावू लागतं. कौशल्य तेच राहिलं, पण ते कुठे आणि कुठल्या वेगाने वापरायचं हे ठरवण्याचा उरलासुरला अधिकारही गेला. मजुरी वाढली तरी हा मुद्दा तसाच राहतो. पहिल्या टप्प्यात सांगितलेला शोषण आणि परात्मतेतला फरक इथे पुराव्यानिशी दाखवता येतो.

या प्रकारात एक चूक हमखास होते. ‘काम कंटाळवाणं असतं, म्हणून कामगार परात्म होतो’ असं लिहिलं जातं. कंटाळा ही मनाची अवस्था आहे. आपल्या सफाईचा अभिमान बाळगणारा, कामावर खूश असलेला विणकरही मार्क्सच्या अर्थाने परात्म असू शकतो, कारण त्याच्या कृतीवर दुसऱ्याची सत्ता आहे. परात्मता भावनांतून मोजण्याचा मार्ग विसाव्या शतकातल्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांचा. रॉबर्ट ब्लाउनरने 1964 साली सत्ताहीनता, अर्थहीनता, एकाकीपणा आणि आत्मदुरावा अशी चार परिमाणं मांडली. तीही चारच असल्यामुळे मार्क्सच्या चार प्रकारांशी त्यांची सरमिसळ होते. ब्लाउनर वापरायचा असेल तर मूल्यमापनात वापरा, मार्क्सच्या तोंडी घालू नका.

पाचवा टप्पा: स्वतःपासूनचा दुरावा

प्रश्नपत्रिकेत बहुधा ‘सहकारी’ आधी आणि ‘स्व’ शेवटी असतो. मार्क्सचा क्रम उलटा आहे आणि निबंधात तोच ठेवलेला बरा, कारण चौथा मुद्दा तिसऱ्यातून निघतो.

इथे ‘स्व’ म्हणजे एखाद्या व्यक्तीचा स्वभाव किंवा आत्मविश्वास नव्हे. मार्क्स बोलतो ते मानवी सत्त्वाबद्दल. प्राणीही निर्मिती करतात, घरटी आणि पोळी बांधतात, पण तातडीच्या गरजेपुरती. माणूस गरज नसतानाही निर्माण करतो, आपल्या इच्छेने आणि जाणिवेने करतो, सौंदर्याचे नियम पाळून करतो. जाणीवपूर्वक, मोकळेपणाने केलेलं काम हेच माणसाचं माणूसपण. मजुरीच्या कामात हेच काम केवळ पोट भरण्याचं साधन होतं. ज्यासाठी जगायचं ती गोष्ट जगण्यापुरती करायची गोष्ट होऊन बसते. म्हणून कामगाराला काम नसताना आपण आपले वाटतो आणि कामावर असताना परके.

गिरणगावात याचं रूप स्पष्ट दिसतं. रत्नागिरीहून, साताऱ्याहून आलेले पुरुष चाळीतल्या एका खोलीत मिळून राहायचे, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. बायकोमुलं गावी, त्यांच्याशी नातं मनिऑर्डरीने टिकवलेलं. झोप, जेवण, संसार या सगळ्यांची वेळ भोंगा ठरवायचा. पण याच माणसांनी भजनी मंडळं चालवली, गणपतीत मेळे उभे केले, शाहिरी गाजवली. हे परात्मतेच्या विरुद्ध उदाहरण म्हणून लिहू नका. योजणं, रचणं, सजवणं ही माणसाची गरज मेली नव्हती. तिला गिरणीच्या आत जागा नव्हती, म्हणून ती गिरणीबाहेर गेली. मार्क्सचं म्हणणं नेमकं हेच आहे.

सहावा टप्पा: माणसामाणसांतला दुरावा, आणि इथे थांबून विचार करा

जोडवाक्य असं: माझं काम आणि त्याचं फळ माझं नसेल, तर ते कुणाचं तरी आहेच, आणि तो कुणी देव किंवा निसर्ग नाही, दुसरा माणूस आहे. म्हणजे चौथ्या प्रकारात सर्वांत आधी येतो मालक. ‘सहकारी कामगारांपासून दुरावा’ असं शीर्षक देऊन विद्यार्थी मालकाला विसरतात आणि मांडणीचा कणाच मोडतो. मालकाचा उल्लेख झाल्यावर मग कामगारांच्या आपसातल्या संबंधांकडे वळा.

त्यासाठी बदली कामगार घ्या. बदलीवाला सकाळी गिरणीच्या दारात येऊन उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला तर त्याला काम, नाही तर परत घरी. एकाचं आजारपण म्हणजे दुसऱ्याची त्या दिवसाची भाकरी. कुणाला आत घ्यायचं हे मुकादमाच्या मर्जीवर, त्यामुळे मुकादमाशी संबंध राखण्यात दोघं एकमेकांचे स्पर्धक. यात कुणाचा स्वभाव वाईट नव्हता. त्या रचनेत उभं राहिलेल्या कुठल्याही दोन माणसांचं असंच झालं असतं. निबंधात ही गोष्ट ठळक करा, कारण ‘भांडवलशाहीत माणूस स्वार्थी होतो’ या ढोबळ वाक्यापासून ती तुम्हाला वाचवते.

सातवा टप्पा: मूल्यमापनाला तीनशे शब्द राखून ठेवा

गिरणी कामगारांचा इतिहास मार्क्सच्या चौथ्या प्रकाराला दोन दिशांनी ताण देतो. दोन्ही लिहा.

पहिला ताण एकजुटीचा. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला, आणि त्याच काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि बदली कामगारांचा प्रश्न त्याच्या मागण्यांमध्ये होता. एकमेकांपासून तुटलेल्या माणसांना हे कसं जमलं? उत्तर मार्क्सच्या बाजूने देता येतं: कारखाना माणसांना स्पर्धेत उभं करतो, पण एकाच छताखाली, एकाच स्थितीत आणतो. उत्तर त्याला पूरक म्हणूनही देता येतं: एकाच गावची माणसं, चाळ, खानावळ ही नाती गिरणीने निर्माण केलेली नव्हती आणि संपात तीच कामी आली. दोन्हींपैकी एक बाजू घ्या आणि कारण द्या.

दुसरा ताण जातीचा, आणि मराठी वाचकाच्या निबंधात तो नसेल तर मोठी उणीव राहते. मघाशी सांगितलेली तोंडाने धागा ओढण्याची कृती आठवा. धोट्याला एकाचं तोंड लागलं की दुसऱ्याला विटाळ, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणखात्यात शिरू दिलं जात नसे. ते खातं जास्त मजुरीचं होतं. मालकाचं ऐकून नव्हे, तर सवर्ण कामगारांच्या विरोधामुळे ही दारं बंद होती. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे ठेवला. पुढे 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी मांडलं, की जात ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. म्हणजे कामगाराकामगारांतला हा दुरावा गिरणीच्या दारातून आत आलेला होता. मालकी बदलल्याने तो आपोआप मिटेल, असं 1844 च्या मांडणीतून म्हणता येत नाही. मार्क्स चुकला असं लिहायची गरज नाही. त्याचा चौथा प्रकार कुठवर पोचतो आणि कुठे त्याला दुसऱ्या विश्लेषणाची जोड लागते, एवढं नेमकं लिहा.

आठवा टप्पा: शब्दांचा हिशेब आणि तपासणी

पंधराशे शब्दांत प्रस्तावनेला शंभर-सव्वाशे, मूळ वस्तुस्थितीला दीडशे, उत्पादन आणि प्रक्रिया यांना मिळून पाचशे, मानवी सत्त्व आणि माणसामाणसांतला दुरावा यांना साडेतीनशे, मूल्यमापनाला तीनशे, आणि उरलेले समारोपाला. चारही प्रकारांना सारखी जागा देऊ नका. पहिले दोन उदाहरणाने सिद्ध होतात, त्यांना जागा लागते. पुढचे दोन बरेचसे तर्काने येतात.

परिच्छेदाचा नमुना असा: ‘विणलेला ताका विणकराच्या हातून जातो आणि विकला गेल्यावर मालकाचं भांडवल वाढवतो. त्याच भांडवलाच्या जोरावर 1928 मध्ये एका विणकराकडे तीन माग देण्याचा निर्णय होऊ शकला. विणकराचे श्रम अशा रीतीने त्याच्यावर चालणारी सत्ता बनले. फळ जर असं परकं असेल, तर ते निर्माण करणारी कृती कशी असेल, हे आता पाहू.’ यात दावा आहे, पुरावा आहे, संकल्पना आहे आणि शेवटच्या वाक्यात पुढच्या परिच्छेदाचा दरवाजा आहे.

मसुदा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य सलग वाचा. वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर तुम्ही यादीच लिहिली आहे. जोडवाक्यं परत घाला. मग ‘वाटतं’, ‘कंटाळा’, ‘नैराश्य’ असे शब्द शोधा आणि जिथे ते मार्क्सच्या नावावर आले असतील, तिथे भावनेच्या जागी कुणाची कशावर सत्ता आहे ते लिहा. शेवटी ‘मालक’ हा शब्द चौथ्या प्रकारात आला आहे ना, एवढं पाहून मगच निबंध द्या.